दूषित हवेतली उष्णता ताज्या हवेला, हवा मात्र वेगळीच: रन-अराउंड कॉइल बसवण्याचे टप्पे

प्रयोगशाळा, विलगीकरण कक्ष, प्राणिगृहे किंवा औषधनिर्मितीच्या काही खोल्या यांतून बाहेर फेकली जाणारी हवा पुन्हा खोलीत येऊ देता येत नाही, म्हणून तिथे शंभर टक्के ताजी हवा आत घ्यावी लागते आणि तेवढीच हवा बाहेर टाकावी लागते. थंडीच्या दिवसांत ही बाहेर जाणारी हवा आपल्याबरोबर मोठी उष्णता घेऊन जाते. ती परत मिळवण्यासाठी फिरते चाक किंवा पत्र्यांचा उष्णता-विनिमयक ही नेहमीची साधने आहेत, पण चाकाच्या पोकळ्यांतून थोडी दूषित हवा ताज्या हवेत वाहून येते आणि पत्र्यांच्या विनिमयकात सांध्यांमधून गळती होऊ शकते. रन-अराउंड पद्धतीत दोन्ही हवा एकमेकींजवळ येतच नाहीत. एक कॉइल बाहेर जाणाऱ्या हवेच्या डक्टमध्ये असते, दुसरी आत येणाऱ्या हवेच्या डक्टमध्ये, आणि दोन्हींमधून पंपाच्या साहाय्याने ग्लायकॉल मिसळलेले पाणी फिरत राहते. पहिल्या कॉइलमध्ये ते तापते आणि दुसरीत ती उष्णता ताज्या हवेला देऊन थंड होते.

या पद्धतीने फक्त तापमानाची उष्णता परत मिळते, हवेतला ओलावा मिळत नाही. परिणामकारकता, म्हणजे आत शिरणाऱ्या दोन प्रवाहांच्या तापमानांतल्या फरकापैकी प्रत्यक्षात मिळणारा हिस्सा, हीही चांगल्या चाकापेक्षा कमी असते. बहुतेक रचनांमध्ये ती ४५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राहते. जिथे हवा मिसळणे चालतच नाही, तिथे हा तोटा स्वीकारण्याजोगा आहे. पुढे एक उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे आणि त्याच्याच आधारे टप्पे सांगितले आहेत.

पहिला टप्पा: बाहेर जाणाऱ्या हवेत काय आहे ते ठरवणे

कॉइलची निवड करण्याआधी त्या हवेत नेमके काय असते याची लेखी यादी करावी. आम्लांची वाफ असेल तर तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे फिन लवकर खराब होतात, म्हणून एपॉक्सीसारखा लेप दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची कॉइल घ्यावी लागते. जैविक धोका असेल तर कॉइलच्या आधी हेपा फिल्टर बसवावा, म्हणजे कॉइल स्वच्छ राहते आणि ती धुणाऱ्या माणसाचा धोकाही कमी होतो. फिल्टर अजिबातच नसेल तर काही महिन्यांत फिनमध्ये धूळ साचते आणि परिणामकारकता हळूहळू घसरते.

एका प्रकारच्या हवेतून मात्र उष्णता परत मिळवू नये, मग ती कितीही मोठी असो. परक्लोरिक आम्लाचे काम चालणाऱ्या धूर-कपाटांच्या डक्टमध्ये परक्लोरेटचे स्फटिक साचतात आणि ते स्फोटक असतात. तिथे कॉइलच्या फिनचे जाळे बसवणे म्हणजे ते साचण्यासाठी जागा तयार करणे होय. अशा कपाटांचा डक्ट स्वतंत्र, धुता येण्याजोगा आणि कॉइलविना ठेवावा.

दुसरा टप्पा: उदाहरणाचे आकडे

समजा एका प्रयोगशाळेत सेकंदाला ३ घनमीटर हवा बाहेर जाते आणि जवळपास तितकीच आत येते. प्रयोगशाळेत ऋण दाब ठेवण्यासाठी बाहेर जाणारी हवा किंचित जास्त असते, पण हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्ही सारख्या धरू. बाहेर जाणाऱ्या हवेचे तापमान २२ अंश आणि बाहेरच्या हवेचे −८ अंश, म्हणजे फरक ३० अंशांचा. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली तर सेकंदाला ३.६ किलोग्रॅम हवा होते, आणि तिचे तापमान एका अंशाने बदलायला साधारण ३.६ किलोवॅट लागतात. या आकड्याला या लेखात प्रवाहाची वहनक्षमता म्हणू. पुढचा सर्व हिशेब त्याच्यावर उभा आहे.

दोन्ही कॉइलमध्ये हवेचा वेग सेकंदाला २ ते २.५ मीटर राहील असा दर्शनी आकार घ्यावा. इथे सुमारे १.३५ चौरस मीटर पुरतात. नळ्यांच्या रांगा साध्या शीतकरण कॉइलपेक्षा जास्त, बहुधा ६ ते १० लागतात, कारण हवा आणि द्रावण यांच्या तापमानांतला फरक इथे लहान असतो. अशा कॉइलची स्वतःची परिणामकारकता ०.७५ पर्यंत नेता येते. मात्र दोन कॉइल एकामागोमाग असल्यामुळे संपूर्ण संचाची परिणामकारकता ०.७५ राहत नाही. हवेच्या दोन्ही प्रवाहांची आणि द्रावणाची वहनक्षमता सारखी असेल तर दोन्ही कॉइलच्या परिणामकारकतांचे व्यस्त मिळवून त्यातून १ वजा करावा आणि आलेल्या आकड्याचा पुन्हा व्यस्त घ्यावा. ०.७५ चा व्यस्त १.३३, दोन मिळून २.६७, त्यातून १ गेला की १.६७, आणि त्याचा व्यस्त ०.६०. म्हणजे संच ६० टक्क्यांचा. याच हिशेबात प्रत्येक कॉइल ०.७० ची घेतली तर संच ५४ टक्क्यांवर येतो.

६० टक्के धरल्यावर ताजी हवा −८ वरून १८ अंशांनी वाढून १० अंशांवर येते आणि परत मिळणारी उष्णता सुमारे ६५ किलोवॅट होते. बाहेर जाणारी हवा २२ वरून ४ अंशांवर उतरते. प्रत्यक्षात तिच्यातली वाफ कॉइलवर सांद्र होते आणि थोडी जादा उष्णता देते, पण तो लाभ हिशेबात न धरलेलाच बरा.

आता त्याची किंमत पाहू. प्रत्येक कॉइलमध्ये १८० पास्कल दाब खर्च झाला आणि पंख्याची एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर दोन्ही पंख्यांवर मिळून १.८ किलोवॅट भार वाढतो. ६५ किलोवॅटच्या तुलनेत हा आकडा लहान वाटतो, पण पंप बंद असतानाही कॉइल हवेच्या वाटेत उभ्याच असतात आणि हा भार वर्षभर चालू राहतो. म्हणून थंडी थोडेच दिवस असलेल्या ठिकाणी वर्षाचा हिशेब केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

तिसरा टप्पा: द्रावणाचा प्रवाह नेमका ठरवणे

नवख्या माणसाची सर्वांत जास्त गफलत इथे होते. पंप मोठा घेतला की उष्णता जास्त मिळेल असे वाटते, पण तसे होत नाही. द्रावणाची वहनक्षमता हवेच्या वहनक्षमतेइतकी असते तेव्हा संचाची परिणामकारकता सर्वाधिक असते. प्रवाह त्याहून वाढवला तर द्रावणाच्या गरम आणि थंड टोकांतला फरक कमी होत जातो. सगळे द्रावण मधल्याच कुठल्यातरी तापमानाला फिरते, बाहेर जाणाऱ्या हवेला पुरेसे थंड द्रावण भेटत नाही आणि ताज्या हवेला पुरेसे गरम मिळत नाही. प्रवाह फार कमी केला तर दुसऱ्या बाजूने नुकसान होते, कारण द्रावण उष्णता वाहून नेण्यातच कमी पडते.

आपल्या उदाहरणात द्रावणाची वहनक्षमता ३.६ किलोवॅट दर अंशाला हवी. वजनाने ३० टक्के एथिलीन ग्लायकॉल असलेल्या द्रावणाची विशिष्ट उष्णता ३.६५ किलोज्यूलच्या आसपास असते. त्यामुळे सेकंदाला एक किलोग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे सुमारे ०.९५ लिटर एवढाच प्रवाह लागतो. ६५ किलोवॅटसाठी हा आकडा पाहून अनेकांना तो चुकला असे वाटते, पण तो बरोबर आहे. द्रावण फेरीत १८ अंशांनी तापते आणि १८ अंशांनी थंड होते.

प्रवाह इतका लहान असल्यामुळे एक वेगळी अडचण उभी राहते. ग्लायकॉल पाण्यापेक्षा दाट असते आणि थंडीत आणखी दाट होते. हा प्रवाह कॉइलमध्ये २० समांतर मार्गांत वाटला आणि नळीचा आतला व्यास १५ मिलीमीटर असेल, तर प्रत्येक नळीतला वेग सेकंदाला पाव मीटरच्या थोडा वर राहतो आणि द्रावण नळीत थरांथरांनी, न घुसळता सरकते. मग नळीच्या भिंतीपासून द्रावणापर्यंत उष्णता नीट पोहोचत नाही आणि कागदावरची ०.७५ प्रत्यक्षात कुठल्या कुठे घसरते. हाच प्रवाह ७ मार्गांत वाटला तर वेग ०.८ मीटरच्या जवळ जातो, रेनॉल्ड्स अंक ३,५०० च्या आसपास येतो आणि द्रावण घुसळू लागते. पंपाला थोडा जास्त दाब द्यावा लागतो, तो द्यावा. पुरवठादाराकडून कॉइल घेताना मार्गांची संख्या, द्रावणाचे प्रमाण आणि सर्वांत कमी तापमानाचा रेनॉल्ड्स अंक हे तिन्ही लेखी मागावेत. केवळ किलोवॅटचा आकडा पुरेसा नाही.

द्रावण कॉइलमध्ये हवेच्या उलट दिशेने जायला हवे. म्हणजे ते हवेच्या बाहेर पडण्याच्या बाजूने आत शिरावे आणि हवेच्या आत येण्याच्या बाजूने बाहेर पडावे. नळजोडणी उलटी झाली आणि दोन्ही एकाच दिशेने वाहू लागले, तर सारख्या वहनक्षमतेत एका कॉइलची परिणामकारकता ०.५ च्या वर जाऊच शकत नाही, आणि वरच्या हिशेबाने संपूर्ण संच ३३ टक्क्यांवर अडकतो. मग कॉइल कितीही मोठी असली तरी उपयोग होत नाही.

चौथा टप्पा: हिमापासून संरक्षण

उदाहरणातली द्रावणाची तापमाने काढून पाहू. हवेतला १८ अंशांचा बदल हा कॉइलमध्ये शिरणारी हवा आणि शिरणारे द्रावण यांच्यातल्या फरकाच्या ०.७५ पट असतो, म्हणजे तो फरक २४ अंशांचा. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेच्या कॉइलमध्ये शिरणारे द्रावण २२ उणे २४, म्हणजे −२ अंशांचे असते, आणि तिथून बाहेर पडणारे १६ अंशांचे. बाहेर जाणारी हवा २२ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू ८ अंशांच्या जवळ येतो. म्हणजे कॉइलच्या थंड टोकावर पाणी सांद्र होणार आणि तिथेच ते गोठण्याचाही धोका राहणार.

हिम साचले की फिनमधली वाट बंद होत जाते आणि बाहेर जाणारी हवा कमी होते. साध्या कार्यालयात एवढ्याने फक्त उष्णता कमी मिळाली असती, पण इथे खोलीचा ऋण दाब हलतो आणि दूषित हवा दारातून मार्गिकेत येऊ शकते. म्हणून हिमरक्षण हा या संचात सुरक्षेचा भाग आहे, आणि खर्च वाचवण्यासाठी ते वगळू नये.

उपाय म्हणजे तीन वाटांचा व्हॉल्व्ह. तो ताज्या हवेच्या कॉइलला वळसा घालून थोडे गरम द्रावण परतीच्या थंड द्रावणात मिसळतो, जेणेकरून बाहेर जाणाऱ्या हवेच्या कॉइलमध्ये शिरणारे द्रावण १ अंशाखाली जात नाही. त्याचा संवेदक मिसळण्याच्या जागेनंतर, कॉइलच्या प्रवेशाजवळ बसवावा. आपल्या उदाहरणात बाहेरचे तापमान सुमारे −४ अंशांच्या खाली गेले की हा व्हॉल्व्ह काम सुरू करतो आणि त्या काळात परत मिळणारी उष्णता मर्यादित होते. पुढच्या तापक कॉइलची निवड करताना ही घट धरावी लागते, अगदी नेमके सांगायचे तर संच पूर्ण बंद पडला तरी खोलीला पुरेशी उष्णता मिळेल एवढी ती कॉइल असावी.

याच व्हॉल्व्हकडे दुसरे कामही द्यावे. प्रयोगशाळेला १४ अंशांची हवा हवी असेल तर बाहेरचे तापमान २ अंशांच्या वर गेल्यावर संच गरजेपेक्षा जास्त तापवू लागतो, आणि मग यंत्रणा तीच हवा पुन्हा थंड करण्यात वीज घालवते. तिथून पुढे व्हॉल्व्हने ताज्या हवेचे तापमान १४ वर रोखावे, आणि बाहेरचे तापमान १४ झाले की पंप थांबवावा. उन्हाळ्यात बाहेरची हवा २२ अंशांपेक्षा बरीच गरम असेल तेव्हा तोच संच उलट दिशेने थोडा थंडावा परत देतो. फरक चार-पाच अंशांचा असल्याशिवाय त्यासाठी पंप चालवू नये.

३० टक्के द्रावण −१४ अंशांच्या आसपास गोठू लागते. पंप बंद असताना ताज्या हवेच्या कॉइलमधले द्रावण बाहेरच्या हवेइतके थंड होते, म्हणून प्रमाण ठरवताना त्या जागेचे आजवरचे सर्वांत थंड तापमान घ्यावे, आरेखनाचे तापमान नव्हे. विषारीपणाची भीती असेल तिथे प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात, पण ते जास्त दाट असल्यामुळे मार्गांचा हिशेब पुन्हा करावा लागतो. वाहनांसाठी विकले जाणारे ग्लायकॉल घेऊ नये, कारण त्यातल्या सिलिकेट घटकांचा चिकट थर नळ्यांत बसतो. गंजरोधक मिसळलेले औद्योगिक ग्लायकॉलच घ्यावे.

पाचवा टप्पा: फेरीची जोडणी

फेरीत पंप, गाळणी, पंपाच्या शोषण बाजूला प्रसरण टाकी, सर्वांत उंच जागी हवा काढण्याचे व्हॉल्व्ह, दाबमापक, आणि दोन्ही कॉइलच्या आधी व नंतर तापमान मोजण्याच्या खाचा असाव्यात. नळ्यांना बाष्परोधक आवरणासह इन्शुलेशन द्यावे, नाहीतर थंड नळ्यांवर पाणी जमते.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: ही फेरी पाण्याच्या नळाला आपोआप भरण्याच्या व्हॉल्व्हने जोडू नये. कुठे बारीक गळती झाली तर तो व्हॉल्व्ह दाब कायम ठेवत गुपचूप साधे पाणी आत घेत राहतो, द्रावण पातळ होत जाते, आणि ते कळते ते कॉइल गोठून फुटल्यावर. तयार द्रावणाची छोटी टाकी आणि हातपंप ठेवावा, व दाब खाली गेला की सूचना मिळावी. फेरीतला दाब नेहमीच हवेच्या दाबापेक्षा जास्त असल्यामुळे नळी फुटली तरी द्रावण बाहेर येते, दूषित हवा फेरीत शिरत नाही.

सहावा टप्पा: कॉइल सोडून उरलेल्या वाटा बंद करणे

रन-अराउंड कॉइल निवडली म्हणजे हवा मिसळणे थांबले, असे मानून काम संपवले जाते, आणि मग दूषित हवा दुसऱ्याच वाटेने येते. या वाटांकडे कॉइलच्या निवडीइतकेच लक्ष द्यायला हवे.

पहिली वाट ड्रेनची आहे. दोन्ही यंत्रांच्या तबकांचे ड्रेन एकाच नळीला जोडणे सोयीचे वाटते. हिवाळ्यात बाहेर जाणाऱ्या हवेच्या कॉइलवर पाणी सांद्र होते, पण ताज्या हवेच्या कॉइलवर एक थेंबही पडत नाही, म्हणून तिच्या ट्रॅपमधले, म्हणजे ड्रेनमधून हवा येऊ नये म्हणून नळीच्या वळणात साठवलेले, पाणी हळूहळू सुकते. उन्हाळ्यात परिस्थिती उलटी होते. म्हणजे वर्षातला मोठा काळ दोनपैकी एक ट्रॅप कोरडा असतो, आणि मधल्या ऋतूत तर दोन्ही कोरडे असू शकतात. बाहेर टाकणारा पंखा थांबला तर ड्रेनची नळी ही थेट जोडवाट होते, आणि ताज्या हवेचा पंखा शोषत असेल तर ती वाट आणखी जोराने वाहते. म्हणून दोन्ही ड्रेन पूर्णपणे वेगळे ठेवावेत, दोन्हींच्या शेवटी हवेचे अंतर सोडावे, आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या कॉइलचे पाणी दूषित समजून प्रयोगशाळेच्या सांडपाण्यातच सोडावे. ट्रॅपची उंची शोषणाच्या दाबापेक्षा जास्त हवी. यंत्रात ८०० पास्कल शोषण असेल तर पाण्याची ८० मिलीमीटर उंची त्यालाच लागते, त्यावर पुरेशी जादा उंची ठेवावी.

दुसरी वाट पंख्याच्या जागेची. बाहेर टाकणारा पंखा कॉइलच्या नंतर आणि शक्यतो छतावर, अगदी शेवटी ठेवावा, म्हणजे इमारतीतला सगळा डक्ट शोषणाखाली राहतो आणि गळती झाली तरी आतल्या दिशेने होते. पंखा यंत्रकक्षात ठेवला तर त्यापुढचा डक्ट धन दाबाखाली जातो, त्याच्या सांध्यांतून गळलेली हवा कक्षात साचते, आणि शेजारचे ताज्या हवेचे यंत्र आपल्या झडपांच्या फटींतून तीच हवा ओढून घेते.

तिसरी वाट इमारतीच्या बाहेरची. धुराड्याचे तोंड आणि ताज्या हवेची जाळी जवळ असतील तर वाऱ्याने ती हवा परत येते, आणि कोणतीही कॉइल ते थांबवू शकत नाही. या पद्धतीत दोन्ही यंत्रे एकमेकांपासून दूर ठेवता येतात, मध्ये फक्त दोन नळ्या असतात. ही सोय हातात असताना दोन्ही यंत्रे एकाच पेटीत, सामाईक पत्र्याच्या दोन बाजूंना बसवणे मला पटत नाही.

सातवा टप्पा: चालू करून तपासणे

आधी फेरी पाण्याने धुवून गाळणी साफ करावी, पाणी पूर्ण काढावे आणि मगच तयार द्रावण भरावे. कॉइलमध्ये उरलेले पाणी द्रावण पातळ करते, म्हणून एक दिवस फिरवून रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण पुन्हा मोजावे. हवा नीट निघाली नसेल तर पंपाचा विद्युतप्रवाह वरखाली होतो, नळ्यांत गुळगुळ ऐकू येते आणि कॉइलच्या वरच्या नळ्यांचे तापमान खालच्यांपेक्षा वेगळे लागते.

त्यानंतर, बाहेर पुरेशी थंडी असताना आणि तीन वाटांच्या व्हॉल्व्हची वळशाची वाट पूर्ण बंद असताना, हवेची चार आणि द्रावणाची दोन तापमाने एकाच वेळी मोजावीत. आपल्या उदाहरणात हवेचा फरक १८ आणि द्रावणाचा फरकही १८ यायला हवा. द्रावणाचा फरक हवेच्या फरकाच्या निम्मा असेल तर प्रवाह दुप्पट आहे, तो कमी करावा. द्रावणाचा फरक हवेपेक्षा बराच मोठा असेल तर प्रवाह कमी पडतो आहे. गाळणी तपासावी आणि पंप उलटा फिरत नाही ना ते पाहावे. प्रवाह बरोबर असून दोन्ही फरक लहान असतील तर कॉइलच कमी पडते आहे, मग मार्गांची संख्या आणि जोडणीची दिशा पाहावी. दिशेची परीक्षा सोपी आहे. जोडणी बरोबर असेल तर बाहेर जाणाऱ्या हवेच्या कॉइलमधून निघणारे द्रावण, तिथूनच निघणाऱ्या हवेपेक्षा गरम असते. इथे १६ विरुद्ध ४. जोडणी उलटी असेल तर ते द्रावण त्या हवेपेक्षा नेहमी थंडच राहते.

हिम साचते आहे का हे कॉइलच्या दोन बाजूंच्या दाबफरकावरून कळते. थंड पहाटे तो वाढत जातो आणि दुपारी आपोआप उतरतो, तेव्हा कारण हिमच असते. धुळीने वाढलेला दाबफरक असा उतरत नाही. म्हणून या कॉइलवर कायमचा दाबफरकमापक लावावा आणि त्याची नोंद बाहेरच्या तापमानासोबत ठेवावी.

शेवटी, हवा खरोखर वेगळी राहते का हे तपासावे. बाहेर टाकणाऱ्या यंत्रात, कॉइलच्या आधी, अनुरेखक वायू सोडून ताज्या हवेच्या डक्टमध्ये तो सापडतो का ते पाहावे. एकदा दोन्ही पंखे चालू असताना, आणि एकदा बाहेर टाकणारा पंखा बंद व ताज्या हवेचा चालू असताना, कारण कोरड्या ट्रॅपची आणि फटींची वाट बहुधा दुसऱ्या स्थितीतच उघडी पडते. त्यानंतर दर हंगामाच्या सुरुवातीला ट्रॅप पाण्याने भरावेत, आणि वर्षातून एकदा द्रावणाचे प्रमाण, त्याची आम्लता व गंजरोधकाची पातळी तपासून नोंदवावी.